क्लोरहेक्सिडीनच्या चुळा, तपकिरी दात आणि अळणी आमटी

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझे वय ६१, राहणार कोथरूड. रक्तदाबाची गोळी रोज घेतो. फेब्रुवारीत माझ्या खालच्या डाव्या बाजूच्या हिरड्यांची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशने चौदा दिवस सकाळ-रात्र चूळ भरायला सांगितले होते. तोंड इतके स्वच्छ वाटू लागले आणि वासही गेला, म्हणून मी ते पुढे तीन महिने चालूच ठेवले. औषधाच्या दुकानात बाटली सहज मिळत होती. आता खालचे पुढचे दात हिरडीलगत तपकिरी झाले आहेत, वरच्या समोरच्या दातातल्या फिलिंगच्या कडेने रेघ उमटली आहे आणि जीभही काळपट दिसते. आमटी-भाजी अळणी लागते म्हणून मी वरून मीठ घेतो, तर घरचे म्हणतात की ती आधीच खारट आहे. माझे दात कायमचे खराब झाले का? मीठ किंवा सोडा लावून घासू का? आणि माउथवॉश बंद केले तर हिरड्यांतून पुन्हा रक्त येईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर

सप्रेम नमस्कार. ते माउथवॉश आज रात्रीपासून बंद करावे. काही औषधे हळूहळू कमी करत बंद करावी लागतात, तसा प्रकार येथे नाही. शेवटची चूळ कालची होती असे समजून पुढे जावे. तुमच्या दातांचा रंग वरून चढलेला आहे, दाताच्या आत शिरलेला नाही, आणि चवही परत येईल. मीठ, सोडा किंवा अन्य कशानेही घासण्याच्या फंदात मात्र पडू नये. ज्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडेच येत्या आठवडाभरात वेळ घ्यावी. तेथे दातांवरचा रंग काढून घेता येईल, पण त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे हिरड्यांची तपासणी, आणि ते महत्त्वाचे का आहे हे पुढे सविस्तर सांगतो.

तुम्हाला जे फायदे जाणवले आणि जो त्रास झाला, त्या सगळ्यांचे मूळ या औषधाच्या एकाच गुणात आहे. क्लोरहेक्सिडीन तोंडात चिकटून राहते. त्याच्या रेणूवर धन विद्युतभार असतो. दातांवर लाळेतल्या प्रथिनांचा एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा नेहमीच असतो. त्यावर आणि जीभ, गाल, हिरड्या यांच्या पृष्ठभागावर ऋण भार असलेल्या जागा असतात. चूळ थुंकून टाकली तरी औषधाचा काही भाग या जागांना धरून बसतो आणि नंतर कित्येक तास, साधारण बारा तासांपर्यंत, थोडा थोडा सुटत राहतो. मिठाच्या पाण्याची गुळणी किंवा बाजारातली गोड वासाची साधी माउथवॉश लाळेबरोबर थोड्याच वेळात वाहून जातात, हे औषध वाहून जात नाही. म्हणूनच ते दिवसातून दोनदाच सांगितले जाते, सकाळी एकदा आणि रात्री एकदा. जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणावरही ऋण भार असतो, तेथेही ते असेच जाऊन चिकटते आणि आवरण फाडून त्यांना मारते किंवा निदान त्यांची वाढ थोपवते.

हा गुण किती प्रभावी आहे हे डेन्मार्कमधल्या आरहूस येथील दंतवैद्यकाच्या महाविद्यालयात हाराल्ड लो आणि त्यांचे सहकारी शिओट यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. त्यांनी काही निरोगी स्वयंसेवकांना दात घासणे पूर्ण बंद करायला लावले आणि ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या १० मिलिलिटर द्रावणाने दिवसातून दोनदा चूळ भरायला सांगितली. एरवी दोन-तीन आठवडे दात न घासल्यास हिरड्या लाल होतात आणि त्यांतून रक्त येऊ लागते. या मंडळींच्या दातांवर मात्र जिवाणूंचा थर जमलाच नाही आणि हिरड्याही सुजल्या नाहीत. आज आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांवर हीच तीव्रता आणि हीच मात्रा लिहिलेली असते.

या प्रयोगातली अट नीट पाहिली की हे औषध केव्हा द्यायचे हे आपोआप समजते. ते लोक ब्रश वापरत नव्हते. क्लोरहेक्सिडीनची खरी जागा तीच आहे: जेव्हा काही काळ ब्रश वापरताच येत नाही तेव्हा. तुमच्या शस्त्रक्रियेत हिरडी दातापासून थोडी उचलून, आतली मुळे साफ करून ती परत टाक्यांनी बसवलेली असणार. त्या जागी पहिले काही दिवस ब्रश लावला तर टाके ओढले जातात आणि नुकती धरू लागलेली हिरडी सुटते. ब्रश लावला नाही तर जखमेच्या काठावर जिवाणूंचा थर साचून ती चिघळते. या पेचातून सुटण्यासाठी ते चौदा दिवस होते. अडकलेली अक्कलदाढ कापून काढल्यावर, हिरड्यांना व्रण पडून ब्रश टेकवणेही असह्य होते तेव्हा, किंवा दुचाकीच्या अपघातात जबडा मोडून दात तारेने एकमेकांना बांधून ठेवलेले असतात तेव्हाही याच कारणाने हे औषध दिले जाते. पुण्याच्या वाहतुकीमुळे हा शेवटचा प्रकार आम्हाला पुस्तकात शोधावा लागत नाही. हातांवर ताबा नसल्यामुळे स्वतः ब्रश करू न शकणाऱ्या काही रुग्णांना ते जास्त काळही देतात, पण तेव्हा डाग पडणार हे घरच्यांना आधी सांगून, अधूनमधून दात साफ करण्याच्या तारखा ठरवून देतात.

तुमचे टाके निघाले, हिरडी धरली आणि ब्रश पुन्हा सुरू झाला, त्या दिवशी या औषधाचे काम संपले होते. त्यापुढे ते काय करू शकत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. आधीच साचून घट्ट झालेला जिवाणूंचा थर ते उखडत नाही, त्याच्या वरच्या भागावर तेवढा परिणाम करते. कीटण तर त्याने निघत नाहीच. उलट दीर्घकाळ वापर केल्यास हिरडीच्या वरच्या बाजूचे कीटण वाढलेले आढळते. तिसरी मर्यादा तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची आहे. तुमचा आजार हिरडी आणि दात यांच्यामधल्या खोल फटीचा, म्हणजे आम्ही ज्याला पॉकेट म्हणतो त्याचा होता, आणि चुळीचे पाणी त्या फटीच्या तळाशी पोचत नाही. परिणामी असे घडू शकते की हिरडीचा वरचा काठ गुलाबी दिसतो, रक्त थांबते, वास जातो आणि माणूस निर्धास्त होतो, तर खाली मुळाशी हाड झिजणे चालूच असते. तपकिरी डागांपेक्षा मला काळजी या निर्धास्तपणाची वाटते. डाग निदान आरशात दिसतात.

मुदत पाळली गेली की नाही हे कळण्याचा एक साधा मार्ग बाटलीच्या हिशेबात आहे. एका वेळी १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज २० मिलिलिटर. चौदा दिवसांचे झाले २८० मिलिलिटर. १५० मिलिलिटरच्या दोन बाटल्यांत ते भागते आणि तळाशी एका दिवसाचे औषध उरते. तीन महिन्यांचा हिशेब १८०० मिलिलिटरचा, म्हणजे तशाच बारा बाटल्यांचा होतो. तिसरी बाटली विकत घेताना माणसाने थबकायला हवे आणि डॉक्टरांना फोन करायला हवा. दुकानात ती सहज मिळते म्हणून ती रोजच्या वापराची वस्तू ठरत नाही. वास्तविक चिठ्ठीवर मुदत लिहिलेली असली तरी ती बाटलीवर कोणी लिहून देत नाही, आणि घरात शेवटी बाटलीच राहते, चिठ्ठी हरवते. यात रुग्णाला फार दोष देता येईल असे मला वाटत नाही.

आता डागांविषयी. औषध स्वतः रंगहीन आहे. बाटलीतला गुलाबी किंवा हिरवा रंग उत्पादकाने घातलेला असतो आणि त्याचा या डागांशी संबंध नाही. दाताच्या पापुद्र्याला चिकटून बसलेल्या क्लोरहेक्सिडीनचा एक हात, असे म्हणू या, मोकळा राहतो. चहा, कॉफी यांतली तुरट रंगद्रव्ये त्या मोकळ्या हाताला येऊन धरतात आणि तेथेच घट्ट बसतात. हा क्रम रोज दोन चुळा आणि दिवसभरातले चार कप चहा या वेगाने चालला की काही आठवड्यांत तपकिरी रंग दिसू लागतो, एखाद्याला तर दुसऱ्या आठवड्यातच दिसतो. यामागे इतरही काही रासायनिक कारणे सुचवली गेली आहेत, पण आहारातल्या रंगद्रव्यांचे कारण सर्वांत पक्के मानले जाते. त्यामुळेच दोन माणसांनी सारख्याच चुळा भरल्या तरी चहा न पिणाऱ्याचे दात कमी रंगतात. तंबाखू आणि मिश्री वापरणाऱ्यांचे दात आधीपासून रंगलेले असतात, त्यात ही भर पडते. आपला दुधाचा चहा कोऱ्या चहापेक्षा थोडा सौम्य ठरतो, कारण दुधातली प्रथिने काही तुरट द्रव्ये आधीच बांधून ठेवतात. पण अमृततुल्यात उकळून उकळून काढलेला चहा त्या बाबतीत फार दयाळू असेल अशी आशा धरू नये.

डाग हिरडीलगत, दोन दातांच्या फटीत आणि खालच्या पुढच्या दातांवर का पडतात, याचेही कारण साधे आहे. जेथे ब्रश कमी फिरतो आणि जेथे थोडे कीटण असल्याने पृष्ठभाग खरखरीत झालेला असतो, तेथे पापुद्रा जाड राहतो आणि रंगाला बसायला जागा मिळते. फिलिंगच्या कडेला दात आणि भरण यांच्यामध्ये केसाएवढी का होईना पण रेघ असतेच, आणि रंग तीच शोधून काढतो.

तरीही प्रत्येक तपकिरी खूण माउथवॉशचीच असेल असे गृहीत धरू नये. औषधाचा डाग सपाट असतो. त्यावरून जीभ फिरवली तर दात गुळगुळीतच लागतो. जीभ फिरवताना उंचवटा किंवा खरखर लागली तर ते रंगलेले कीटण आहे. थंड पाण्याने किंवा गोड खाल्ल्यावर त्याच जागी कळ येत असेल, अन्नाचा कण अडकत असेल किंवा नुसता एकाच दाताचा एक ठिपका गडद होत असेल, तर कीड तपासून घ्यायला हवी. माउथवॉशचे डाग सहसा अनेक दातांवर आणि दोन्ही बाजूंना सारखे असतात. तुमच्या फिलिंगच्या रेघेबाबत मी पत्रावरून निर्णय देणार नाही, कारण तेथे नुसता रंगही असू शकतो आणि भरण सुटून आत पुन्हा लागलेली कीडही असू शकते. आरशातून दोन्ही सारखेच दिसतात आणि डॉक्टरांच्या बारीक अणकुचीदार हत्याराने मात्र फरक लगेच कळतो.

हे डाग रोजच्या ब्रशने पूर्ण निघत नाहीत, आणि तेथेच बहुतेकांचा संयम सुटतो. मीठ आणि खाण्याचा सोडा, कोळशाची पूड, मिश्री, लिंबू, इतकेच काय तर नखाने किंवा पिनेने खरवडणे हे सगळे प्रकार मी दवाखान्यात ऐकले आहेत. शस्त्रक्रियेनंतर तुमची हिरडी थोडी खाली सरकली असेल आणि दाताच्या मुळाचा काही भाग उघडा पडला असेल. मुळावर वरच्या भागासारखे कठीण आवरण नसते. भरड पूड तेथे रोज घासली तर डाग जाईल पण सोबत मूळही झिजेल आणि नंतर थंड पाणी पिणेही नको होईल. लिंबाच्या आम्लाने दाताचा पृष्ठभाग मऊ पडतो आणि त्यावर लगेच ब्रश फिरवणे हा तर दुहेरी तोटा आहे. दवाखान्यात कीटण यंत्राने काढल्यावर मऊ रबरी कप आणि पॉलिशिंगची पेस्ट लावून हे डाग बहुधा एकाच बैठकीत निघतात, आणि त्यासाठी भूल लागत नाही. दाताच्या रंगाच्या फिलिंगवरचा डाग पॉलिश करूनही थोडा उरला तर ते भरण बदलावे लागते, कारण त्याचा पृष्ठभाग कालांतराने सच्छिद्र होतो आणि रंग थोडा आत उतरतो. पॉलिशिंग करून घेण्याआधी माउथवॉश बंद झालेले असणे आवश्यक आहे, नाहीतर पुढच्या महिन्यात तेच पुन्हा.

जिभेची काळजी करू नका. जिभेच्या पाठीवरचे बारीक केसांसारखे उंचवटे तोच रंग धरून ठेवतात. जिभेचा पृष्ठभाग सतत नवा होत असतो, त्यामुळे औषध थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांत काळपटपणा आपोआप उतरतो. जीभ साफ करायची पट्टी रोज एकदा, मागून पुढे, अलगद फिरवावी. रंग जावा म्हणून जोर करू नये.

चवीचा बदल हा याच चिकटपणाचा परिणाम आहे. जिभेवरच्या चव घेणाऱ्या पेशींवरही औषध जाऊन बसते. सर्व चवी सारख्या मंदावत नाहीत. प्रयोगांत असे दिसले आहे की खारट चव सर्वांत जास्त बोथट होते आणि काही कडू पदार्थांची कडवट चवही कमी होते, तर गोड आणि आंबट चवींवर विशेष परिणाम होत नाही. तुम्हाला आमटी अळणी लागली पण चहातली साखर कमी वाटली अशी तक्रार तुम्ही केलेली नाही, हे त्याच्याशी जुळते. कोणाला तोंडात धातूसारखी चव रेंगाळल्याचेही जाणवते. चूळ भरल्यानंतर हा परिणाम सर्वांत जास्त असतो आणि पुढच्या काही तासांत उतरतो. पण सकाळची चूळ उतरेपर्यंत रात्रीची येते, आणि सकाळची जर जेवणाच्या अगदी आधी घेतली तर जेवणातले मीठ जिभेला कळतच नाही. बंद केल्यावर बहुतेकांची चव काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत पूर्ववत होते.

तुमच्या पत्रातले मला सर्वांत खटकलेले वाक्य डागांचे नसून वरून मीठ घेण्याचे आहे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने तीन महिने जिभेच्या चुकीच्या सांगण्यावरून मीठ वाढवणे ही दातांच्या रंगापेक्षा मोठी गोष्ट आहे. चव परत येईपर्यंत मिठाची बरणी जेवणाच्या टेबलावरून उचलून ठेवावी आणि आमटीच्या बाबतीत घरच्यांच्या जिभेवर विश्वास ठेवावा. लिंबू पिळले, कोथिंबीर, आले किंवा ओले खोबरे घातले तर आंबट चव आणि वास तुम्हाला नीट कळत असल्याने जेवण बेचव लागणार नाही. लिंबू जेवणात चालते, ते दातांवर चोळायचे नाही एवढेच.

रक्तदाबाशी या माउथवॉशचा आणखी एक संबंध आहे आणि तो थोडा अनपेक्षित आहे. पालक, मेथी, बीट यांसारख्या भाज्यांतून शरीरात नायट्रेट जाते. ते लाळेत उतरते आणि जिभेच्या मागच्या भागावर राहणारे काही उपयुक्त जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनते, जे रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करते. क्लोरहेक्सिडीन चांगले आणि वाईट जिवाणू यांत फरक करत नाही. आठवडाभर असे माउथवॉश वापरलेल्या काही लोकांचा रक्तदाब थोडा, काही अंकांनी, वाढल्याचे लहान अभ्यासांत दिसले आहे. सर्वच अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत, आणि यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. चौदा दिवसांच्या उपचारात हा मुद्दा गौण आहे. कारण नसताना महिनोन्महिने वापर करण्याविरुद्ध मात्र तो एक रास्त मुद्दा ठरतो. या आठवड्यात रक्तदाब दोन-तीनदा मोजून घ्यावा, आकडे लिहून ठेवावेत आणि नेहमीच्या फिजिशियनना मीठ वाढले होते आणि हे माउथवॉश चालू होते, असे दोन्ही सांगावे. गोळीची मात्रा स्वतःहून बदलू नये.

फिजिशियनना भेटाल तेव्हा गोळीचे नावही लिहून आणा आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवा. अॅम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी काही रुग्णांच्या हिरड्या जाड होऊन फुगतात, आणि तशा हिरडीखाली ब्रश नीट पोचत नाही. तुमच्या बाबतीत तसे आहेच असे मी म्हणत नाही, पण हिरडीच्या शस्त्रक्रियेपर्यंत वेळ आली असेल तर ही चौकशी झालेली बरी.

राहिला प्रश्न रक्ताचा. माउथवॉश बंद केल्यावर हिरडीतून रक्त आले, तर ते औषध थांबवल्याचा दुष्परिणाम समजू नये. ते त्या जागी जिवाणूंचा थर साचत असल्याचे लक्षण आहे. इतके दिवस औषधाने ते झाकून ठेवले होते. अशा वेळी बाटलीकडे परत न जाता कोणत्या दातापाशी रक्त येते ते लक्षात ठेवावे, कारण डॉक्टरांना तीच जागा आधी पाहायची असते. ते एका बारीक खुणा असलेल्या सळईने प्रत्येक दाताभोवतीच्या फटीची खोली मोजतील. साधारण तीन मिलिमीटरपर्यंतची खोली ब्रशने सांभाळता येते. पाच-सहा मिलिमीटर आणि त्यातून रक्त असेल तर आतून पुन्हा सफाई लागेल, आणि ती कोणत्याही चुळीने होणार नाही. घरी मऊ ब्रश हिरडीच्या काठाशी तिरका धरून दिवसातून दोनदा दोन-दोन मिनिटे फिरवावा. शस्त्रक्रियेनंतर दातांमधल्या फटी मोकळ्या झाल्या असतील, तर तेथे धाग्यापेक्षा फटीत घालायचा छोटा ब्रश जास्त उपयोगी पडतो. त्याचा आकार डॉक्टरांकडून निवडून घ्यावा, कारण बारीक ब्रश नुसताच आत-बाहेर होतो आणि जाड ब्रश हिरडीला इजा करतो. नीट साफ होऊ लागल्यावर आठ-दहा दिवसांत रक्त कमी व्हायला हवे. तसे झाले नाही तर पॉकेट तपासायलाच हवे. वास परत आला तरी तोच नियम लावावा.

पुढे कधी हे औषध पुन्हा लागले, उदाहरणार्थ उजव्या बाजूची शस्त्रक्रिया ठरली, तर ते कसे घ्यायचे हेही लिहून ठेवतो, कारण अनेक जण त्याचा निम्मा उपयोग नकळत घालवतात. टूथपेस्टमध्ये फेस आणणारे जे द्रव्य असते त्यावर ऋण भार असतो. दात घासून लगेच चूळ भरली की क्लोरहेक्सिडीन त्याच्याशीच बांधले जाते आणि निकामी होते. म्हणून पेस्ट आणि चूळ यांच्यात किमान अर्धा तास ठेवावा आणि मधे साध्या पाण्याने तोंड नीट खळखळून धुवावे. सर्वांत सोयीचे म्हणजे न्याहारी, चहा आणि दात घासणे आधी उरकून मग काही वेळाने चूळ भरणे. त्यामुळे चहा आणि चूळ यांच्यातही अंतर पडते आणि डाग कमी पडतात. १० मिलिलिटर बाटलीच्या टोपणानेच मोजावे, डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज पाणी मिसळू नये, मिनिटभर तोंडात फिरवून थुंकावे आणि त्यावर लगेच पाण्याने चूळ भरू नये किंवा काही खाऊ-पिऊ नये. गिळायचे तर नाहीच.

चूळ भरल्यावर गालांच्या आतली कातडी सोलवटल्यासारखी निघू लागली किंवा आग होऊ लागली तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवावे. काही वेळा ते तीव्रता कमी करून देतात. कानापुढे लाळेच्या ग्रंथीला सूज आली तरी तेच करावे. अंगावर पित्त उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे ही क्वचित दिसणारी पण गंभीर ॲलर्जीची लक्षणे आहेत; तेव्हा दातांच्या डॉक्टरांची वेळ मागत बसू नये, सरळ जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा, आणि पुढे कोणत्याही शस्त्रक्रियेआधी ही गोष्ट आवर्जून सांगावी, कारण त्वचा निर्जंतुक करण्यासाठी शस्त्रक्रियागृहातही हेच रसायन वापरतात.

बंद केल्यानंतर महिना उलटूनही खारट चव नीट कळत नसेल, तर माउथवॉशला दोष देणे थांबवून फिजिशियनना सांगावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही चव बदलते, आणि तसे असल्यास त्याचा निर्णय त्यांनीच घ्यायचा आहे.